‘विक्री एक तृतीयांशाने वाढली’: वाक्य तक्त्याशी ताडून कसे पाहावे

ऑगस्ट-सप्टेंबर आले की महाराष्ट्रातल्या सहकारी संस्थांच्या सभासदांच्या घरी वार्षिक अहवाल येऊन पडू लागतात. आर्थिक वर्ष मार्चअखेर संपते आणि कायद्याप्रमाणे पुढच्या सहा महिन्यांत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यायची असते, म्हणून हा हंगाम. पुढच्या पानांवर अध्यक्षांचे मनोगत आणि कामकाजाचा आढावा, मागच्या पानांवर ताळेबंद, नफा-तोटा पत्रक आणि विक्रीचे तक्ते. मनोगत बरेच जण वाचतात, तक्ते थोडे जण पाहतात. दोन्ही पाने शेजारी ठेवून वाचणारे त्याहून कमी.

वास्तविक चुका सापडतात त्या या दोन पानांच्या मध्येच. तक्ता बहुधा हिशेबनीस तयार करतो आणि लेखापरीक्षक तो तपासतो. आढावा दुसरेच कोणी लिहिते, पुष्कळदा आकडे पक्के होण्याआधी. पुढे तक्त्यातला आकडा बदलतो, वाक्य मात्र तसेच छापखान्यात जाते. त्यात कोणाचा वाईट हेतू असतोच असे नाही. पण सभासद सभेत हात वर करतो तो वाक्य वाचून, म्हणून वाक्य तपासलेच पाहिजे. त्यासाठी हिशेबतपासनीस असावे लागत नाही. साधा भागाकार आणि थोडी शिस्त पुरते.

एका ग्राहक भांडाराच्या अहवालाचा नमुना घेऊ. संस्था काल्पनिक आहे आणि आकडे समजायला सोपे पडावेत म्हणून निवडलेले आहेत. विक्री लाख रुपयांत दिली आहे.

| विभाग | २०२२-२३ | २०२३-२४ |
|---|---|---|
| मुख्य भांडार | २६ | ३१ |
| स्टेशन शाखा | १४ | १७ |
| औषध विभाग | ८ | १२ |
| एकूण | ४८ | ६० |

आढाव्यात लिहिले आहे: ‘यंदा संस्थेची विक्री एक तृतीयांशाने वाढली.’

पडताळणीची सुरुवात वाक्यापासून न करता तक्त्यापासून करावी, कारण ज्याच्यावर घासून पाहायचे तोच आधी खरा हवा. उभी बेरीज करून पाहावी. २६, १४ आणि ८ मिळून ४८. ३१, १७ आणि १२ मिळून ६०. बेरजा जुळल्या. शीर्षकात एकक काय आहे, लाख की हजार, आणि दोन्ही स्तंभ पूर्ण वर्षांचेच आहेत ना, हेही बघून घ्यावे. एक स्तंभ बारा महिन्यांचा आणि दुसरा डिसेंबरअखेरचा, असे प्रकार छापील अहवालांत होतात.

मग वाक्य उलगडावे. प्रत्येक आकडेवारीच्या वाक्यात चार गोष्टी लपलेल्या असतात: कशाची वाढ, कोणत्या काळातली, कशाच्या तुलनेत आणि किती. इथे ‘संस्थेची विक्री’ म्हणजे एकूण ओळ. ‘यंदा’ म्हणजे २०२३-२४. तुलना दिलेली नाही, तेव्हा गेले वर्ष गृहीत धरायचे. आणि ‘एक तृतीयांश’ म्हणजे गेल्या वर्षीच्या विक्रीचा तिसरा हिस्सा. ४८ चा तिसरा हिस्सा १६. म्हणजे वाक्य खरे असेल तर यंदाची विक्री ६४ लाख हवी. तक्त्यात ६० आहे.

हा उलटा रस्ता धरण्यात एक फायदा आहे. तक्त्यातून टक्केवारी काढली आणि ती वाक्याच्या आसपास आली, तर ‘चालायचेच’ म्हणून माणूस पुढे जातो. वाक्यातून आधी आकडा बांधला आणि मग तक्ता पाहिला, तर ६४ आणि ६० यांतला चार लाखांचा फरक डोळ्यांत भरतो. खरी वाढ १२ लाखांची आहे. १२ भागिले ४८, म्हणजे पाव, म्हणजेच २५ टक्के. तक्ता संगणकावर असेल, विभागांची नावे A स्तंभात, दोन वर्षे B आणि C स्तंभांत आणि एकूण पाचव्या ओळीत असेल, तर सूत्र असे:

```
=(C5-B5)/B5
```

भागायचे ते नेहमी जुन्या आकड्याने. नव्या आकड्याने भागले तर १२ भागिले ६०, म्हणजे २० टक्के येतात आणि वाढ आहे त्यापेक्षा लहान दिसते. घट मोजताना हीच चूक उलट दिशेने होते. विक्री ६० वरून पुन्हा ४८ वर आली तर घट २० टक्के आहे. कोणी ‘२५ टक्के वाढलेली विक्री २५ टक्के घटून मूळ जागी आली’ असे लिहिले असेल, तर तिथे पाया चुकला आहे.

वाक्य चुकले एवढे कळून काम संपत नाही. एक तृतीयांश हा आकडा आला कुठून, हेही शोधावे, कारण चूक वाक्यात आहे की तक्त्यात ते त्याशिवाय ठरत नाही. याच तक्त्यातून त्या आकड्याकडे जाणाऱ्या तीन वाटा दिसतात.

पहिली वाट जुन्या मसुद्याची. गेल्या वर्षीची विक्री ४८ ऐवजी ४५ लाख धरली तर ६० पर्यंतची वाढ १५ लाख, म्हणजे बरोबर एक तृतीयांश. आता गेल्या वर्षीचा छापील अहवाल काढावा. त्यात एकूण विक्री ४५ दिली असेल आणि यंदाच्या तक्त्यात तेच वर्ष ४८ झाले असेल, तर मधल्या काळात आकडा दुरुस्त झाला आहे. दुरुस्ती रास्त असू शकते. एखाद्या विभागाची विक्री आधी वेगळ्या खात्यात दाखवली असेल. पण मग तक्त्याखाली तशी टीप हवी आणि वाक्यही बदलायला हवे. मागच्या वर्षाचा स्तंभ मागच्या अहवालाशी ताडून पाहणे हे दोन मिनिटांचे काम आहे आणि त्यातून बरेच काही बाहेर येते.

दुसरी वाट वाट्याची. एकूण वाढ १२ लाख, त्यांतले ४ लाख औषध विभागाचे. म्हणजे वाढीतला एक तृतीयांश वाटा औषध विभागाचा आहे. हे वाक्य पूर्ण खरे आहे. टिपणात ‘औषध विभाग – वाढीत एक तृतीयांश’ असे लिहिलेले असेल, तर घाईत त्याचे ‘विक्रीत एक तृतीयांश वाढ’ व्हायला वेळ लागत नाही. ‘वाढीतला वाटा’, ‘विक्रीतला वाटा’ आणि ‘विक्रीतली वाढ’ हे तीन वेगळे भागाकार आहेत. औषध विभागापुरते पाहिले तर ते अनुक्रमे एक तृतीयांश, एक पंचमांश आणि निम्मे असे येतात.

तिसरी वाट सर्वांत फसवी, कारण ती गणित केल्यासारखी दिसते. मुख्य भांडाराची वाढ १९.२ टक्के, स्टेशन शाखेची २१.४ आणि औषध विभागाची ५०. या तिघांची सरासरी काढली तर ३०.२ टक्के येते आणि लिहिणारा तिला ‘जवळजवळ एक तृतीयांश’ म्हणतो. पण आठ लाखांच्या विभागाला सव्वीस लाखांच्या विभागाइतकेच वजन देऊन ही सरासरी काढली आहे. टक्क्यांची अशी सरासरी एकूण वाढ सांगत नाही. एकूण वाढ एकूण ओळीवरूनच काढायची.

हीच गोष्ट खऱ्या आणि मोठ्या आकड्यांवर पाहायची असेल तर जनगणनेचे तक्ते उत्तम. महाराष्ट्राची ग्रामीण लोकसंख्या २००१ मध्ये ५ कोटी ५७ लाख ७७ हजार ६४७ होती, २०११ मध्ये ती ६ कोटी १५ लाख ५६ हजार ७४ झाली. वाढ १०.३६ टक्के. शहरी लोकसंख्या ४ कोटी ११ लाख ९८० वरून ५ कोटी ८ लाख १८ हजार २५९ वर गेली. वाढ २३.६४ टक्के. दोन टक्क्यांची सरासरी बरोबर १७ येते. राज्याची खरी दशवार्षिक वाढ मात्र १५.९९ टक्के आहे, कारण २००१ मध्ये गावांत राहणारे शहरांत राहणाऱ्यांपेक्षा जास्त होते आणि त्यांची हळू वाढ एकूण आकड्याला खाली ओढते. कोट्यवधी लोकसंख्येच्या राज्यात एक टक्क्याचा फरक म्हणजे नऊ-दहा लाख माणसे.

याच तक्त्यावर दुसरी एक गल्लत समजून घेता येते. राज्याच्या लोकसंख्येतला शहरी वाटा २००१ मध्ये ४२.४३ टक्के होता, २०११ मध्ये तो ४५.२२ टक्के झाला. आता एखाद्या अहवालात ‘दहा वर्षांत शहरीकरण २.८ टक्क्यांनी वाढले’ असे लिहिले, दुसऱ्यात ‘६.६ टक्क्यांनी’ आणि तिसऱ्यात ‘२३.६ टक्क्यांनी’, तर चूक कोण? तिन्ही आकडे त्याच तक्त्यातून निघतात. २.८ हा दोन वाट्यांमधला सरळ फरक आहे. त्याला टक्केबिंदू म्हणतात. ६.६ म्हणजे तोच फरक जुन्या वाट्याच्या तुलनेत. २३.६ म्हणजे शहरी माणसांच्या संख्येतली वाढ. टक्क्यांत दिलेली गोष्ट आणखी टक्क्यांनी वाढली असे वाक्य दिसले की तपासणाऱ्याने समासात लिहावे: टक्के की टक्केबिंदू? आणि दोन्ही टोकांचे आकडे वाक्यात लिहून मागावेत. ‘४२.४ टक्क्यांवरून ४५.२ टक्क्यांवर’ असे लिहिले की संदिग्धता उरत नाही.

आता वाक्याला थोडी सूट किती द्यायची, हा प्रश्न. ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ८१ लाख ३१ हजार ८४९ होती आणि २०११ मध्ये १ कोटी १० लाख ६० हजार १४८. वाढ ३६ टक्के. ‘ठाण्याची लोकसंख्या एक तृतीयांशाने वाढली’ हे चालेल का? ‘एक तृतीयांशाहून अधिक वाढली’ म्हटले तर निर्विवाद चालेल. नुसते ‘एक तृतीयांशाने’ म्हटले तर सुमारे पावणेतीन टक्केबिंदू, म्हणजे दोन लाखांवर माणसे वाक्याबाहेर राहतात. बोलण्यात ते खपते, पण अहवालात ‘सुमारे’ किंवा ‘हून अधिक’ असा शब्द हवा. ठाण्याच्या बाबतीत आणखी एक खबरदारी आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा जिल्हा झाला. वरचे दोन्ही आकडे अखंड ठाण्याचे आहेत. त्यापुढचा, फक्त नव्या ठाण्याचा आकडा त्यांच्या शेजारी ठेवून काढलेली वाढ किंवा घट निरर्थक ठरेल. संस्थेच्या अहवालात हीच अडचण नवी शाखा उघडली, दोन विभाग एकत्र झाले किंवा एखादे दुकान वर्षाच्या मध्ये बंद पडले की येते.

पूर्णांकामुळे पडणारा फरक आणि खरी चूक यांतली रेषा मोजून काढता येते. समजा तक्त्यात विक्री पूर्ण लाखांत ४८ आणि ६४ अशी छापली आहे. मग खरी विक्री पहिल्या वर्षी ४७.५ ते ४८.५ आणि दुसऱ्या वर्षी ६३.५ ते ६४.५ यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. सर्वांत कमी वाढ निघेल ती ६३.५ ला ४८.५ ने भागून, सुमारे ३०.९ टक्के, सर्वांत जास्त ६४.५ ला ४७.५ ने भागून, सुमारे ३५.८ टक्के. ‘एक तृतीयांश’ या पट्ट्यात बसते. आढाव्यात ३३.८ टक्के छापले असतील तर तेही बसतात. लिहिणाऱ्याने रुपयांतल्या मूळ आकड्यांवरून ते काढले असतील. २५ टक्के या पट्ट्यात कोणत्याही प्रकारे बसत नाहीत. असा पट्टा आखला की क्षुल्लक फरकावर वाद घालण्याची वेळ येत नाही आणि खऱ्या चुकीला ‘पूर्णांकामुळे झाले’ ही सबब मिळत नाही. जनगणनेच्या वरच्या आकड्यांतही हे दिसते: लाखांत दोन दशांश ठेवले तर शहरी वाढ ९७.१७ आणि ग्रामीण वाढ ५७.७८, बेरीज १५४.९५, मूळ आकड्यांवरून एकूण वाढ मात्र १५४.९६ येते. शेवटच्या दशांशातला हा एकाचा फरक निरुपद्रवी आहे.

संख्या लहान असली की मात्र सूट जवळजवळ संपते, आणि तिथे एक फार धारदार चाचणी हाती येते. अहवालात लिहिले आहे: ‘पाहणीत भाग घेतलेल्या सभासदांपैकी ४७ टक्क्यांनी घरपोच सेवेला पसंती दिली.’ खालच्या तक्त्यात भाग घेणाऱ्यांची संख्या २८ आहे. २८ पैकी १३ जण म्हणजे ४६.४ टक्के, छापताना ४६. एक माणूस वाढला की १४ जण, म्हणजे थेट ५० टक्के. ४७ टक्के येतील अशी माणसांची संख्याच नाही. मग ३० पैकी १४ करून पाहावे: ४६.७, म्हणजे ४७. बहुधा पाहणीत ३० जण होते, दोन अर्ज नंतर बाद झाले आणि टक्केवारी तशीच राहिली. तर्क म्हणून हा पुरेसा आहे; खात्री संस्थेने द्यायची.

पूर्ण संख्यांच्या सरासऱ्यांसाठी हीच युक्ती निक ब्राऊन आणि जेम्स हीदर्स या दोन संशोधकांनी २०१६ च्या सुमारास ‘ग्रिम’ चाचणी या नावाने मांडली. मानसशास्त्राच्या नियतकालिकांतले २६० लेख त्यांनी पाहिले. चाचणी लावता येईल असे त्यांत ७१ निघाले, आणि त्यांतल्या सुमारे निम्म्या लेखांत निदान एक सरासरी अशी होती की दिलेल्या माणसांच्या संख्येतून ती निघूच शकत नव्हती. मूळ माहिती न पाहता, केवळ छापलेल्या आकड्यांवरून हे कळले. चाचणीची मर्यादाही स्पष्ट आहे. दोन दशांशांच्या सरासरीसाठी माणसे शंभराच्या पुढे गेली, किंवा पूर्ण टक्क्यांसाठीही तेवढी झाली, की जवळपास कोणताही आकडा शक्य होतो आणि चाचणीची धार जाते.

आकडा नसलेली वाक्येही तपासायची असतात. ‘सर्व’, ‘सलग’, ‘सर्वाधिक’, ‘प्रथमच’ हे शब्द दिसले की संपूर्ण स्तंभावरून बोट फिरवावे, कारण एका ओळीने असे वाक्य पडते. ‘२००१ ते २०११ दरम्यान महाराष्ट्रातल्या सर्व जिल्ह्यांची लोकसंख्या वाढली’ हे वाक्य राज्याच्या १६ टक्के वाढीमुळे सहज खरे वाटेल. तक्त्यात रत्नागिरी १६ लाख ९६ हजार ७७७ वरून १६ लाख १५ हजार ६९ वर आलेली दिसते. सिंधुदुर्गाची आणि मुंबई शहर जिल्ह्याचीही लोकसंख्या घटली आहे. ‘सर्वाधिक वाढ’ म्हटले की रुपयांत की टक्क्यांत, हे विचारावे. आपल्या भांडारात रुपयांत सर्वाधिक वाढ मुख्य भांडाराची, पाच लाखांची; टक्क्यांत सर्वाधिक औषध विभागाची. आणि ‘घरपोच सेवेमुळे विक्री वाढली’ असे वाक्य आले तर वाढ तक्त्यातून तपासता येते, ‘मुळे’ तपासता येत नाही. त्या वाक्यापुढे ‘तक्त्यात आधार नाही’ अशी वेगळी खूण करावी. ते चुकीचे ठरत नाही, पण सिद्धही होत नाही.

प्रत्यक्ष काम करताना अहवालाची छापील प्रत घ्यावी. आकडा, अंश, पट किंवा तुलना असलेल्या प्रत्येक वाक्याला क्रमांक द्यावा आणि त्याच्या आधाराच्या चौकटीत तोच क्रमांक तक्त्यावर लिहावा. ज्या क्रमांकाला तक्त्यात जागा सापडत नाही, ते वाक्य तिथेच वेगळे निघते. दहा-बारा पानांच्या अहवालात अशी वाक्ये फार नसतात; एका संध्याकाळी काम उरकते.

या पडताळणीने काय कळत नाही, तेही लक्षात ठेवावे. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रॉगॉफ या अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये लिहिले की देशाचे कर्ज त्याच्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ९० टक्क्यांवर गेले की वाढीचा सरासरी दर घसरतो. त्यांच्या तक्त्यात तो उणे ०.१ टक्का होता. लेखातली वाक्ये आणि तक्ता एकमेकांशी सुसंगत होते. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने मूळ संगणकीय तक्ता मिळवला, तेव्हा त्यातल्या सरासरीचे सूत्र असे सापडले:

```
=AVERAGE(L30:L44)
```

ते ४९ व्या ओळीपर्यंत जायला हवे होते. पाच देश हिशेबाबाहेर राहिले होते. शिवाय काही वर्षे वगळलेली होती आणि देशांना दिलेले वजनही वादग्रस्त होते. निष्कर्षावर सूत्रापेक्षा या दोन गोष्टींचा परिणाम मोठा होता. हर्नडन आणि त्याच्या प्राध्यापकांनी पुन्हा हिशेब केला तेव्हा सरासरी २.२ टक्के आली. तक्ताच चुकला असेल तर त्याच्याशी जुळणारे वाक्यही चुकते, आणि तिथे मूळ नोंदवह्या उघडाव्या लागतात. सभासदाला निदान उभ्या बेरजा आणि मागच्या वर्षाचा अहवाल एवढे तरी तपासता येते.

विसंगती सापडली की ती सभेच्या आधी लेखी विचारणे सोयीचे. पत्रात आरोप नको, चार गोष्टी पुरतात: वाक्य आणि त्याचे पान, तक्ता आणि त्याचे पान, केलेला भागाकार आणि प्रश्न. उदाहरणार्थ: ‘पान ३ वर विक्री एक तृतीयांशाने वाढल्याचे म्हटले आहे. पान १७ वरील तक्त्यात ती ४८ लाखांवरून ६० लाखांवर गेली आहे. १२ भागिले ४८ म्हणजे २५ टक्के. गेल्या वर्षीच्या अहवालात २०२२-२३ ची विक्री ४५ लाख दिली होती का, आणि ती ४८ कशी झाली?’ अशा पत्राला सचिव हिशेबाची वही काढून उत्तर देऊ शकतो, आणि दुरुस्त वाक्य सभेच्या इतिवृत्तात नोंदवून घेता येते.